जिन्यातला दिवा आणि तीन पडद्यांचा मसुदा

पत्र

माझं वय ६१. एकुलता एक मुलगा सहा वर्षांपासून परदेशात नोकरी करतो. त्याचं घड्याळ आमच्या नऊ तास मागे आहे. दर वाढदिवसाला मी सकाळी सहाला उठल्याबरोबर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा. काळजी घे.' एवढंच पाठवतो. त्याचं 'थँक्स बाबा' येतं. संपलं. बायको म्हणते, ऑफिसातल्या साहेबालाही तुम्ही याहून बरं लिहाल. माझे एक स्नेही त्यांच्या मुलासाठी फेसबुकवर पानभर लिहितात, लोक वाचून रडतात. मला तसं बोलता येत नाही, आमच्या वडिलांनाही येत नव्हतं. पण यंदा तो ३२ पूर्ण करतोय, आणि मी ठरवून मनातलं सगळं लिहून काढलं आहे. मसुदा सोबत पाठवतोय. हा पाठवू, की नेहमीचंच बरं?

उत्तर

नमस्कार.

मसुदा दोनदा वाचला. मोबाइलचे तीन पडदे भरतील एवढा आहे. तो पाठवू नका. नेहमीचंही पाठवू नका. पण आधी एक वेगळी गोष्ट, कारण ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही.

तुम्ही सकाळी सहाला मेसेज पाठवता तेव्हा मुलाकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे सहा वर्षं तुमच्या शुभेच्छा त्याला वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मिळताहेत. तो कामावरून येऊन आडवा झालेला असणार किंवा भांडी घासत असणार, आणि तेवढ्यात बाबांचा मेसेज. उत्तर देणार ते 'थँक्स बाबा' एवढंच, दुसरं काय देणार? दुसऱ्या दिवशी, खऱ्या वाढदिवसाला, सगळ्यांचे मेसेज येतात आणि तुमचा यादीत खाली सरकून कालच्या तारखेचा झालेला असतो. त्याने हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बहुतेक मुलं सांगत नाहीत. बाबा उठल्या उठल्या आपली आठवण काढतात हे त्यांना कळतं, आणि त्यात चूक काढणं बरं वाटत नाही.

तेव्हा त्याच्या दोन शब्दांवरून 'त्याला काही पोहोचत नाही' असा जो निष्कर्ष तुम्ही काढलात, तो आधी सोडून द्या. बाप दोन वाक्यं लिहितो, मुलगा दोन शब्दांत उत्तर देतो. तो तुमच्याच मापाने मोजून परत करतोय. कदाचित त्यालाही वाटत असेल की याहून जास्त लिहिलं तर बाबा अवघडतील.

आता तुमच्या बायकोची तक्रार. त्या म्हणतात ते बरोबर आहे, पण कारण चुकीचं धरलं आहे. तुमचा मेसेज छोटा आहे हा त्याचा दोष नाही. तुमच्या पिढीने तारा पाहिल्या आहेत. शुभेच्छांच्या तारेसाठी ठरावीक वाक्यं असायची आणि प्रत्येकाला क्रमांक असायचा. आपण नुसता क्रमांक सांगायचा, पलीकडे छापील वाक्य पोहोचायचं. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, काळजी घे' हा तसा क्रमांक आहे. तो पुतण्याला चालतो, शेजाऱ्याच्या मुलाला चालतो आणि खरोखरच साहेबालाही चालतो. कोरडेपणा तिथे आहे. तेवढ्याच लांबीत अशी एखादी गोष्ट आली असती जी फक्त तुम्हीच लिहू शकता आणि फक्त त्यालाच लिहू शकता, तर तुमच्या घरात ही चर्चा झालीच नसती.

आणि ती गोष्ट तुमच्याकडे आहे. तुमच्या मसुद्यातच आहे, पण दुसऱ्या पडद्याच्या तळाशी गाडली गेली आहे. म्हणून मसुद्यातून एकेक वाक्य घेऊन बघू या.

सुरुवात आहे, 'तू घराण्याचं नाव उंचावलंस, आम्हाला तुझा सार्थ अभिमान आहे.' हे तुमचं वाक्य नाही. हे सत्काराच्या भाषणातलं आहे. तुम्ही त्याच्याशी असं कधी बोलला नसाल, आणि त्याला पहिल्या ओळीतच कळेल की बाबा आज कुठलं तरी सोंग घेऊन बसलेत. न बोलणाऱ्या माणसाने एक दिवस भरभरून बोलायचं ठरवलं की त्याला तयार वाक्यांचा आधार घ्यावा लागतो, हा यातला सापळा आहे. तुमचे फेसबुकवाले स्नेही कदाचित एरवीही तसेच बोलत असतील, मग त्यांना ते शोभतं. शिवाय त्यांचं लिखाण वाचून रडणारे लोक त्यांचे मित्र आहेत. त्यांच्या मुलाला काय वाटतं, ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

पुढे, 'तुझी आई रोज तुझी आठवण काढते.' खरं असेल. पण ही आठवण आईची आहे आणि सांगताय तुम्ही. वडील मंडळी हे फार करतात. स्वतःला वाटतं ते आईच्या नावावर खपवायचं. मुलाच्या कानाला मात्र ते वेगळं ऐकू येतं: तू लांब गेलास, म्हणून आई झुरते. वाढदिवसाच्या सकाळी त्याच्या हातात अपराधीपणा ठेवू नका. आईला जे सांगायचंय ते आई सांगेल. तुम्हाला आठवण येत असेल तर तुमच्या नावाने लिहा, नाहीतर वगळा.

'आता पुढचा विचार करायला हवा, वय थांबत नाही.' हे पूर्ण खोडा. कारण सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. 'तब्येतीकडे दुर्लक्ष करू नकोस' हेही खोडा. वाईट आहे म्हणून नाही; दर फोनवर सांगून त्याची धार गेली आहे म्हणून.

आता मधला मोठा परिच्छेद. तो लहान असताना तुमची फिरतीची नोकरी होती, त्याच्या शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला तुम्ही नव्हता, त्याची खंत वाटते. हा परिच्छेद वाचून मी थांबले. तो खरा आहे, लिहिलाही मनापासून आहे, आणि तरीही तो या मेसेजात जाता कामा नये. असं बघा: मुलगा ऑफिसला निघायच्या घाईत आहे. फोन वाजतो. त्यात ३२ वर्षांत पहिल्यांदा बाप माफी मागतोय. आता त्याने काय करायचं? 'तसं काही नाही बाबा' असं लिहून तुमची समजूत घालायची, तीही जिना उतरता उतरता, तीही स्वतःच्या वाढदिवशी. माफी मागितली की पलीकडच्या माणसावर उत्तराचं ओझं पडतं, आणि शुभेच्छांचं तसं पडू नये. तो कागद जपून ठेवा. तो पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा एखाद्या संध्याकाळी दोघंच असताना सांगा, किंवा वेगळ्या दिवशी, कुठलंही निमित्त नसताना, पत्र म्हणून पाठवा. त्या दिवशी त्याला वेळ घेऊन उत्तर देता येईल, किंवा गप्प राहता येईल.

आणि मग येतं हे. तुमच्याच शब्दांत देते: 'मागच्या खेपेला तू जिन्याच्या वळणावर दिवा लावून घ्या म्हणाला होतास. मी म्हटलं होतं, तीस वर्षं याच जिन्यावरून उतरतोय, डोळे मिटून उतरेन. गेल्या महिन्यात लावून घेतला. रात्री आता भिंत धरावी लागत नाही.'

अहो, हाच मेसेज आहे. बाकी सगळा मसुदा या चार वाक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिला गेला असं समजा.

यात काय आहे बघा. मुलगा चार दिवस घरी आला असताना त्याने तुम्हाला जिना उतरताना पाहिलं. तुम्ही भिंत चाचपत होता ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने सांगितलं, तुम्ही उडवून लावलंत, तो परत गेला. आज इतक्या महिन्यांनी त्याला कळणार की बाबांनी ऐकलं. लांब राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट सतत खात असते: घरी काही झालं तर आपण तिथे नसू. 'दिवा लावला' या दोन शब्दांनी त्यातला एक कोपरा तरी शांत होतो. अभिमानाबद्दलची तुमची पाच वाक्यं हे काम करू शकत नाहीत.

तर मेसेज असा करा. सुरुवातीला त्याचं घरातलं नाव, जे फक्त तुम्ही हाक मारता ते. मग:

'तुला आज ३२ पूर्ण झाली. शुभेच्छा. जिन्याच्या वळणावर दिवा लावून घेतला. तुझं बरोबर होतं, आता रात्री भिंत धरावी लागत नाही. – बाबा'

नाव सोडून एकवीस शब्द. तुमच्या नेहमीच्या चार शब्दांपेक्षा जास्त, पण एकही शब्द तुमच्या तोंडी न शोभणारा नाही. यातलं वजन 'तुझं बरोबर होतं' या तीन शब्दांत आहे. तीस वर्षांचा जिना त्याच्या सांगण्यावरून बदललात, हे मान्य करणारा बाप त्याने याआधी किती वेळा पाहिला असेल?

तुम्हाला मोह होईल की पुढे अजून एक वाक्य जोडावं: 'आमची एवढी काळजी करतोस हे पाहून ऊर भरून आला.' जोडू नका. दिवा त्याला जे सांगतो तेच हे वाक्य पुन्हा सांगतं, आणि सांगितल्यावर पहिल्याचा जोर कमी होतो. तो हुशार आहे, त्याला कळेल. नाही कळलं तर संध्याकाळी कळेल.

क्रमाबद्दलही थोडं. दिव्याचं वाक्य आधी आणि शुभेच्छा नंतर असा विचार कोणाच्या मनात येईल, कारण बंद फोनवर मेसेजची पहिली ओळच दिसते आणि त्या दिवशी सगळ्यांची पहिली ओळ सारखीच असते. मी तरी तसं करणार नाही. घरून अवेळी आलेला आणि 'जिन्यात…' असा सुरू होणारा मेसेज दिसला की परदेशातल्या मुलाच्या छातीत धस्स होतं. कोणी पडलं का, हा पहिला विचार. म्हणून आधी नाव, वय, शुभेच्छा. त्याने निःशंक मनाने मेसेज उघडावा.

दिव्याचा फोटो सोबत जोडू नका. फोटो जोडला की आधी फोटो दिसतो आणि तुमचं लिहिणं त्याच्याखालची सूचना बनतं. तो 'दाखवा की' म्हणाला तर पाठवा. म्हणेलच बहुतेक. मेसेज प्रश्नचिन्हाशिवाय असूनही त्याला बोलायला जागा मिळते, हा दिव्याचा आणखी एक फायदा. 'तुझं बरं चाललंय ना?' असं विचारलं असतं तर 'हो बाबा' आलं असतं.

वेळ. त्याच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे तुमच्याकडे दुपारचे साडेचार. तेव्हा पाठवा. एक सावधगिरी: बऱ्याच देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासाने पुढेमागे करतात, त्यामुळे नऊ तासांचा फरक वर्षभर नऊच राहील असं नाही. फोनमधल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये जागतिक घड्याळाचा भाग असतो, त्यात त्याचं शहर जोडून ठेवा आणि पाठवण्याआधी एकदा बघा. ज्यांची मुलं घड्याळात पुढे आहेत त्यांचं गणित उलटं होतं. चार तास पुढे असेल तर तुमच्या सकाळी सहाला त्याच्याकडे दहा वाजलेले असतात, तेव्हा उठल्याबरोबर पाठवलेलं चांगलं. आणि मुलगा दोन-चार तासच मागे असेल, तर त्याच्या मध्यरात्री बरोबर बाराला पाठवण्यासाठी जागत बसणाऱ्या वडिलांनी ते करू नये. मुलाला मेसेज मिळतो, आणि त्याबरोबर बाबा कितीपर्यंत जागले याचा हिशेबही मिळतो.

मेसेज आधी फोनच्या नोंदवहीत लिहा, मग तिथून उचलून पाठवा. चुकून अर्धवट गेला तर घाबरून पुसू नका. सगळ्यांसाठी पुसलेला मेसेज आपली खूण मागे ठेवतो, आणि वाढदिवसाच्या दिवशी बाबांनी काहीतरी लिहून पुसलं हे बघून तो दिवसभर विचार करत राहील. पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत दुरुस्ती करता येते, ती करा. दुरुस्त केल्याचं खाली दिसतं, त्याने काही बिघडत नाही.

आणि हा मेसेज फक्त त्याला. कुटुंबाच्या ग्रुपवर काका-मावश्यांच्या फुलांच्या चित्रांमध्ये तो टाकलात तर तुमचं 'तुझं बरोबर होतं' सगळ्यांसमोर जाईल, आणि कोणीतरी लगेच विचारेल की कसला दिवा. ग्रुपवर हवं तर नेहमीचं 'शुभेच्छा' टाका. तिथे क्रमांक पुरतो.

असेच प्रश्न विचारणारी आणखी काही पत्रं माझ्याकडे पडली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

बऱ्याच वडिलांची अडचण वेगळी असते: मुलाच्या आयुष्यातलं आपल्याला काही माहीतच नाही, तर नेमकं लिहायचं काय? अशा वेळी मुलाच्या आयुष्यात शोधू नका, तुमच्या दोघांच्या गेल्या दोन-तीन महिन्यांच्या मेसेजमध्ये शोधा. वर वर सरकवत जा. त्याने तुम्हाला काय करायला सांगितलं होतं, काय पाठवलं होतं, कशाची चौकशी केली होती? डॉक्टरकडे जा म्हणाला होता, एखादा लेख वाचा म्हणाला होता, गाडीच्या टायरमधली हवा तपासा म्हणाला होता. त्यातलं जे तुम्ही खरोखर केलं असेल ते एका वाक्यात कळवा. केलं नसेल तर आधी करा, मग लिहा. मुलगा घरी आल्यावर जिन्यात दिवा दिसला नाही तर त्या मेसेजची काय किंमत राहील? झालेलं लिहून बघितलं की वर दुसऱ्या कोणाच्या मुलाचं नाव घालून पाहा. मेसेज तरीही जमत असेल तर अजून झालेला नाही.

दुसरी मंडळी म्हणजे ज्यांचं मुलाशी बिनसलेलं आहे, एखाद-दोन वर्षं नीट बोलणं नाही. त्यांनी याहूनही कमी लिहावं. नाव, वय, शुभेच्छा, आणि खाली 'बाबा'. जुना विषय नाही, 'झालं गेलं विसर' नाही, 'पण' तर अजिबात नाही. आणि उत्तर आलं नाही तर आठवण करून देणारा दुसरा मेसेज नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच, त्याच दिवशी, त्याच्या घड्याळाने. अशा ठिकाणी एखादा नेमका तपशील घातला तर तो टोमणा वाटू शकतो, म्हणून दिव्याची युक्ती त्यांना लागू होत नाही.

टाइप करायला न जमणाऱ्यांनी आवाजात पाठवलं तरी चालेल, पण आधी कागदावर लिहून मग वाचा. न लिहिता बोलायला लागलं की माणूस 'हां, तर… कसा आहेस' पासून सुरू करतो आणि दोन मिनिटांनी पाणी आणि हवामानावर संपवतो. आणि मुलगा ऑफिसात असेल तर तो ते रात्रीच ऐकेल, त्यामुळे माइकची खूण निळी होण्याची वाट पाहत बसू नका.

परत तुमच्याकडे. तुम्ही लिहिलंत, 'मला तसं बोलता येत नाही, आमच्या वडिलांनाही येत नव्हतं.' हे तुम्ही कमतरता म्हणून लिहिलंत. मला तसं वाटत नाही. तुमचा मुलगा तुमच्याच घरात वाढला आहे. तुमच्या कमी बोलण्याचा अर्थ लावायला तो शिकला आहे. जिन्याबद्दलही तो एकदाच बोलला, तुम्ही उडवून लावल्यावर हट्ट धरला नाही. तुम्हा दोघांची भाषा एकच आहे. ती एका सकाळी बदलून फेसबुकची भाषा बोलायला लागलात तर तो गोंधळेल, कदाचित घाबरेलही. 'बाबा, सगळं ठीक आहे ना?' असा फोन येईल. तीन पडद्यांच्या मेसेजला येणारं सर्वांत सामान्य उत्तर हेच आहे, असं मला या सदरातल्या पत्रांवरून वाटतं.

शेवटचं, बायकोबद्दल. पाठवण्याआधी त्यांना मेसेज दाखवू नका. त्या म्हणतील, निदान 'आशीर्वाद' तरी घाला, मग 'यशस्वी हो' घाला, मग आमच्या दोघांकडून असं लिहा. प्रत्येक सूचना चांगल्या मनाने येईल आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या एकवीस शब्दांचे साठ झालेले असतील. पाठवून झाल्यावर दाखवा. त्यांना त्यांचा मेसेज वेगळा आणि हवा तेवढा लांब लिहू द्या. आईचं लांब लिहिणं त्याला अपेक्षितच आहे.